चार्जिंगला लावला की फोन तापतो? आधी कुठे तापतोय आणि कधी थंड होतोय ते बघा

हा प्रश्न मला घरातून, ओळखीतून इतक्या वेळा येतो की एकदा नीट लिहूनच काढते. प्रश्न नेहमी एकच असतो, "फोन चार्जिंगला लावला की गरम होतो, बॅटरी गेली का?" आणि त्यावर मिळणारी उत्तरंही ठरलेली, कव्हर काढ, ओरिजिनल चार्जर वापर, चार्जिंगला असताना गेम खेळू नको. ती चुकीची नाहीत, पण त्यातून आपल्या फोनची गरमी साधी आहे की खरंच काही बिघडलंय हे काही कळत नाही. ते कळायचं असेल तर "किती गरम" यापेक्षा दोन गोष्टी जास्त कामाच्या आहेत, फोन नेमका कुठे गरम होतोय, आणि चार्जिंग संपत आलं की थंड होतोय की नाही.

आधी साधी गरमी कुठून येते ते बघू, कारण ते समजलं की पुढचं सगळं आपोआप लागत जातं.

समजा 18 वॅटचा चार्जर आहे, म्हणजे साधारण 9 व्होल्ट आणि 2 अँपिअर. पण फोनमधली बॅटरी चार व्होल्टच्या आसपासची, तिला 9 व्होल्ट थेट देता येत नाहीत. म्हणून फोनच्या आत एक चार्जिंग आयसी असते जी 9 चे 4 करते आणि करंट वाढवते, आणि हे करताना दहा टक्के वीज गरमी होऊन जाते असं धरा, म्हणजे जवळपास पावणेदोन वॅट. उरलेली 16 वॅट बॅटरीत जाते, म्हणजे करंट झाला 4 अँपिअरच्या आसपास. बॅटरीच्या आतही थोडा रेझिस्टन्स असतो, समजा 0.06 ओहम, तर करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स म्हणजे 16 गुणिले 0.06, साधारण एक वॅट. दोन्ही मिळून पावणेतीन वॅट. हा आकडा दिसायला छोटा आहे पण फोनला ना पंखा ना हवा जायला जागा, त्यामुळे एवढ्यानेही पाठ चांगलीच गरम लागते. आपल्या हाताची कातडी साधारण 33 अंशांच्या आसपास असते, त्यामुळे फोन 38 झाला तरी हाताला "बाप रे गरम" वाटतं, आणि बॅटरीच्या दृष्टीने 38 अंशात काहीही वावगं नसतं.

आता यातली महत्त्वाची गोष्ट. बॅटरी पूर्ण वेळ एकाच जोरात चार्ज होत नाही. सुरुवातीला करंट जास्त असतो, आणि भरत आली, साधारण 70-80 टक्क्यांच्या पुढे, की फोन स्वतःच करंट कमी कमी करत नेतो. करंट 4 चा 1 झाला तर बॅटरीतली गरमी चौथ्या हिश्शावर येत नाही, सोळाव्या हिश्शावर येते, कारण वर्ग. म्हणून निरोगी फोनची गरमी ही टेकडीसारखी असते, पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत चढते, मध्ये थोडा वेळ टिकते आणि 80 टक्क्यांनंतर उतरायला लागते. 95 टक्क्यांना फोन कोमट असला पाहिजे आणि 100 होऊन अर्धा तास झाला की जवळपास खोलीच्या तापमानाला आलेला असला पाहिजे. 67 किंवा 80 वॅटवाले फोन सुरुवातीला जास्त तापतात, काहींचा अडॅप्टरसुद्धा चांगला गरम होतो कारण कमी व्होल्ट करायचं बरंचसं काम त्या पद्धतीत अडॅप्टरकडे ढकललेलं असतं, पण टेकडीचा आकार तोच राहतो.

ज्या फोनची टेकडी उतरतच नाही तिथे शोधायला लागायचं.

माझ्या मावशीच्या फोनचं उदाहरण सांगते कारण त्यात सगळ्या पायऱ्या येतात. तिचा फोन अडीच वर्षांचा, तक्रार अशी की रोज रात्री चार्जिंगला लावला की तापतो आणि सकाळी उचलला तरी गरमच. दिवसा वापरताना काही नाही. तिने आधीच केबल बदलली, चार्जर बदलला, कव्हर काढून ठेवलं, फरक शून्य, आणि आता बॅटरी बदलून घ्यायच्या तयारीत होती. मी म्हटलं मावशी, दोन दिवस थांब, आधी मोजू.

मोजायला फार काही लागत नाही. अँड्रॉइडमध्ये बॅटरीला चिकटून एक छोटा सेन्सर असतो आणि त्याचं तापमान दाखवणारी साधी अ‍ॅप्स मिळतात. काही फोनमध्ये डायलवर `*#*#4636#*#*` टाकलं तरी बॅटरीची माहिती उघडते, सगळ्यांत नाही. कॉम्प्युटरवर adb हे अँड्रॉइडचं टूल टाकलेलं असेल आणि फोनच्या डेव्हलपर सेटिंगमध्ये वायरलेस डीबगिंग, म्हणजे केबलशिवाय कॉम्प्युटरशी जोडणं, चालू करता येत असेल तर ही कमांड सगळ्यात सरळ:

```
adb shell dumpsys battery
```

त्यात `temperature: 412` असं येतं ते 41.2 अंश, शेवटचा आकडा दशांश समजायचा. वायरलेस अशासाठी की फोन चार्जरलाच लावलेला हवा, कॉम्प्युटरला केबलने जोडला तर चार्जिंगच बदलतं आणि आपण भलतंच मोजत बसतो. आयफोनमध्ये सेटिंगमध्ये तापमान दिसत नाही, तिथे हातानेच अंदाज घ्यावा लागतो, पण खाली सांगितलेल्या चाचण्यांना हातसुद्धा पुरतो.

पहिल्या रात्री नोंदी अशा आल्या. खोली 28 अंश, फोन 22 टक्क्यांवर लावला तेव्हा 31. पंधरा मिनिटांनी 38. अर्ध्या तासाने 40. इथपर्यंत सगळं ठीक. पण 80 टक्क्यांना 40, 96 टक्क्यांना 41, आणि 100 होऊन अर्धा तास झाला तरी 41. म्हणजे बॅटरीत करंट जवळपास जायचा थांबलाय आणि फोन मात्र तसाच तापलेला. त्याच क्षणी हे कळलं की ही गरमी चार्जिंगची नाही, चार्जिंगच्या वेळेला दुसरं काहीतरी चालतंय त्याची आहे.

दुसरी खूण हाताने मिळाली. फोन उलटा करून बोटं वरपासून खालपर्यंत फिरवली तर सगळ्यात गरम भाग वरच्या बाजूला, कॅमेऱ्याच्या शेजारी. बहुतेक फोनमध्ये मुख्य बोर्ड आणि प्रोसेसर वरच्या भागात असतो, बॅटरी मधल्या आणि खालच्या भागात, आणि चार्जिंगचा पोर्ट अगदी तळाला. म्हणून वर गरम म्हणजे बोर्ड, म्हणजे प्रोसेसर, नेटवर्क किंवा चार्जिंग आयसी. मधला मोठा भाग सारखा गरम म्हणजे बॅटरी. आणि फक्त तळाला, पिनच्या तोंडाशी गरम म्हणजे पोर्ट किंवा केबल. तुमच्या मॉडेलची मांडणी थोडी वेगळी असू शकते पण नव्वद टक्के वेळा हा नकाशा लागू पडतो.

तिसरी चाचणी मला सगळ्यात आवडते कारण तिला काहीच लागत नाही. फोन पूर्ण बंद करून चार्जिंगला लावायचा. फोन बंद असताना प्रोसेसर, स्क्रीन, नेटवर्क काही चालत नाही, उरतं फक्त चार्जिंग. दुसऱ्या संध्याकाळी मावशीचा फोन बंद करून लावला, मधूनमधून हात लावून पाहिला, कोमटच्या पुढे गेलाच नाही, आणि 90 टक्क्यांना लगेच चालू करून बघितलं तर 33 अंश. झालं, चार्जर, केबल, पोर्ट, बॅटरी चौघेही सुटले. बंद फोनसुद्धा तेवढाच तापला असता तर मात्र उलटं, मग अ‍ॅपच्या मागे लागण्यात अर्थ नव्हता, या चौघांतलाच कोणीतरी.

आता राहिला प्रश्न की रात्रीच का, दिवसा का नाही. इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. फोनमधली जड कामं मुद्दामच चार्जिंगच्या वेळेसाठी राखून ठेवलेली असतात. फोटोंचा बॅकअप, अ‍ॅप अपडेट, फोटोतले चेहरे ओळखून लावणं, सर्चसाठीची यादी बनवणं, ही कामं "फोन चार्जिंगला असेल आणि वायफाय असेल आणि कोणी वापरत नसेल तरच कर" अशा अटीवर ठेवलेली असतात म्हणजे दिवसा बॅटरी खाल्ली जात नाही. आयफोनमध्येही फोटोंचं बरंचसं काम फोन लॉक असताना आणि चार्जिंगला असतानाच होतं. म्हणून नवीन फोन घेतला, किंवा मोठा अपडेट आला, किंवा जुन्या फोनवरून सगळा डेटा आणला की पुढचे दोन-तीन दिवस चार्जिंगला फोन नेहमीपेक्षा गरम लागतो आणि मग आपोआप शांत होतो, त्याची काळजी करू नका. मावशीचं मात्र दोन महिने चालू होतं, म्हणजे कुठलं तरी काम संपतच नव्हतं.

ते कोणतं हे शोधायला लोक सेटिंगमध्ये बॅटरीची यादी उघडतात आणि तिथे काहीच सापडत नाही, मीही आधी तेच केलं. बऱ्याच फोनमध्ये ती यादी चार्जर काढल्यानंतर किती बॅटरी खाल्ली त्याची असते, चार्जिंगला असताना कोणी किती राबलं याचा हिशोब त्यात येतच नाही, त्यामुळे रात्रभर राबणारं अ‍ॅप तिथे साळसूदपणे दोन टक्क्यांवर बसलेलं दिसतं. मग मी तिसऱ्या रात्री फोन चालूच ठेवला पण एअरप्लेन मोडवर टाकून चार्जिंगला लावला. टेकडी व्यवस्थित उतरली, 95 टक्क्यांना 33. म्हणजे काम नेटचं. मग बॅटरीऐवजी वायफायच्या डेटाची यादी उघडली आणि तिथे उत्तर समोर होतं, फोटो बॅकअपच्या अ‍ॅपने महिन्याभरात 90 जीबी वापरले होते. मावशीच्या फोनमध्ये फोटो आणि व्हिडिओ सगळे मिळून 14 जीबी, मग 90 कसे?

बॅकअपच्या अ‍ॅपमध्ये आत जाऊन बघितलं तर एक व्हिडिओ अडकलेला. लग्नात रेकॉर्ड करताना मध्येच फोन बंद पडला होता, फाइल दीड जीबीची आणि अर्धवट, प्लेच होत नव्हती. अ‍ॅप ती रोज रात्री चढवायला घेणार, शेवटी जाऊन फसणार, परत पहिल्यापासून. रात्रीतून दोनदा म्हटलं तरी महिन्याचे 90 होतात. ती फाइल कॉम्प्युटरवर काढून घेतली, फोनमधून उडवली, आणि चौथ्या रात्री जास्तीत जास्त 37, 95 टक्क्यांना 32, आणि सकाळी फोन गार. मावशी म्हणाली, "म्हणजे बॅटरी बदलली असती तरी गरमच राहिला असता?" हो, अगदी तसाच.

तुमच्याकडे अडकलेलं काम दुसरंच असेल, एखादं अ‍ॅप अपडेट जे डाउनलोड होऊन जागा कमी म्हणून लागत नाही आणि परत डाउनलोड होतं, किंवा मेसेजिंगच्या अ‍ॅपचा बॅकअप जो क्लाउडमधली जागा संपल्यामुळे पूर्ण होत नाही, पण शोधायची पद्धत हीच, बंद करून चार्ज, मग एअरप्लेनवर चार्ज, मग वायफायची यादी. एअरप्लेनवरसुद्धा टेकडी उतरली नाही पण बंद असताना उतरते असं असेल तर नेट नाही, फोनमधलंच काहीतरी राबतंय, तेव्हा सेफ मोडमध्ये एक रात्र लावून बघा, त्यात तुम्ही टाकलेली अ‍ॅप्स चालत नाहीत. अजून एक, जिथे रेंज अगदी कमी असते तिथे फोन टॉवरशी बोलायला जोर लावत राहतो आणि त्यानेही वरचा भाग गरम राहतो, ते एअरप्लेनवर लगेच कळतं.

आता ज्या गरमीला खरंच घाबरायचं ती.

पहिली तळाची. चार्जिंगला लावून दहा-पंधरा मिनिटं झाली की केबलची पिन फोनमध्ये जाते तिथे बोट लावून बघा. बाकी फोन कोमट आणि तिथे मात्र चटका बसतोय, हे चांगलं नाही. कारण सांगते. पोर्टमधल्या पत्र्या एकमेकींना नीट टेकल्या की रेझिस्टन्स अगदी नगण्य असतो. खिशातला धुरळा आणि कापसासारखा मळ आत दाबून बसला, किंवा ओल जाऊन पत्र्या गंजल्या, किंवा पिन सैल झाली की हा रेझिस्टन्स वाढतो. समजा 0.1 ओहम झाला आणि 3 अँपिअर जातायत, तर 9 गुणिले 0.1, म्हणजे 0.9 वॅट. बॅटरीत तेवढीच गरमी झाली तर ती हाताएवढ्या भागात पसरते, इथे ती तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत आहे. आणि हे स्वतःच वाढत जातं, गरमीने पत्र्या अजून खराब होतात, रेझिस्टन्स अजून वाढतो, शेवटी प्लास्टिक पिवळं-तपकिरी पडतं. फोनचा तापमानाचा सेन्सर बॅटरीपाशी असतो, त्यामुळे आकडा 34 दाखवत असताना तळाला प्लास्टिक जळत असू शकतं, इथे अ‍ॅपवर विसंबू नका, बोटावर विसंबा.

करायचं काय, आधी दुसऱ्या केबलने बघा. दुसऱ्या केबलने चटका गेला तर पहिली केबल फेकून द्या, दुसऱ्या फोनला वापरू नका, कारण खराब झालेली पिन चांगला पोर्टही खराब करते. दोन्ही केबलने तिथेच गरम होत असेल तर फोन बंद करा, टॉर्च मारून आत बघा, मळ दिसला तर लाकडी टूथपिकने हळूच कडेकडेने उकरून काढा. सुई, पिन, सेफ्टीपिन अजिबात नको, टाइप सी पोर्टच्या मध्ये जी पातळ जीभ असते तिच्यावरच सगळ्या पत्र्या असतात आणि ती धातूने एकदा खरवडली की दुरुस्ती म्हणजे पोर्ट बदलणंच. मळ काढल्यावर पिन "टक" करून पूर्ण आत बसायला हवी. आत काळपट डाग, हिरवट थर किंवा वितळलेलं प्लास्टिक दिसलं तर साफ करत बसू नका, चार्जिंग थांबवा आणि पोर्ट बदलून घ्या. पोर्ट ओला झाल्याची सूचना फोन देत असेल तर ती बाजूला सारून चार्जिंगला लावू नका, ओल्या पत्र्यांवर व्होल्टेज आलं की गंज लवकर धरतो.

दुसरी बॅटरीची स्वतःची गरमी. बॅटरी म्हातारी होते तसा तिचा आतला रेझिस्टन्स वाढतो. वरच्याच हिशोबात 0.06 चे 0.12 झाले की एक वॅटचे दोन वॅट. म्हणून तीन-चार वर्षांचा फोन नवीन असतानापेक्षा जास्त तापतो, आणि सोबत दुसऱ्या खुणाही येतात, 30 टक्क्यांवर अचानक बंद पडणं, चार्जर काढल्याबरोबर टक्के धडाधड उतरणं. बंद करून चार्ज केलं तरी मधला भाग गरम, आणि या खुणा, दोन्ही असतील तर बॅटरी बदलायची वेळ झाली. आयफोनमध्ये बॅटरी हेल्थमध्ये कमाल क्षमता दिसते, ती 80 टक्क्यांच्या खाली असेल तर मग शंकाच नको. हा धोका नाही, म्हातारपण आहे, पुढच्या महिन्यात बदलली तरी चालतं, तोपर्यंत हळू चार्जर वापरा, करंट अर्धा केला की बॅटरीतली गरमी पाव होते.

फुगलेली बॅटरी मात्र पुढच्या महिन्यावर ढकलायची गोष्ट नाही. आतलं रसायन बिघडून गॅस धरला की पाकीट फुगतं. फोन सपाट टेबलावर पाठीवर ठेवून कोपऱ्याला बोटाने ढकलला तर भिंगरीसारखा फिरतो, स्क्रीनची एक कड उचललेली दिसते, मागच्या झाकणाच्या फटीत नख जातं, मध्ये दाबलं की स्क्रीनवर रंगीत डाग दिसतात. यातलं एक जरी दिसलं तरी फोन बंद करा, चार्जिंगला परत लावू नका, उचललेली स्क्रीन दाबून बसवायचा प्रयत्न तर मुळीच करू नका. माझ्या स्वतःच्या एका जुन्या फोनचं असं झालं होतं, झाकण किंचित उचललेलं मला दोन आठवडे दिसत होतं आणि मी ते कव्हर सैल झालं म्हणून धरून चालले, रोज त्याला उशाशी चार्जिंगला लावून झोपत होते. रिपेअरिंगवाल्याने उघडून दाखवलं तेव्हा बॅटरी उशीसारखी फुगलेली. त्या दिवसापासून उशाशी, गादीवर, पांघरुणात फोन चार्जिंगला लावणं मी घरात सगळ्यांचं बंद केलंय, गादीत गरमी बाहेर पडायला जागाच नसते.

तिसरी खूण साधी आहे, जी गरमी का येते ते सांगताच येत नाही. फोन बंद आहे, चार्जरही नाही, तरी गरम. किंवा दोन-तीन मिनिटांत एकदम तापमान चढलं, चार्जर काढला तरी चढतंच राहिलं. किंवा नेलपॉलिश रिमूव्हरसारखा गोडसर वास येतोय. हे आतल्या आत शॉर्ट झाल्याचं किंवा बॅटरी गळत असल्याचं लक्षण आहे. तिथे चाचण्या करत बसू नका. चार्जर भिंतीच्या बटणावरून बंद करा, फोन फरशीवर किंवा कडप्प्यावर, कपडे-कागद-पडदे यांच्यापासून लांब ठेवा, जमलं तर उघड्यावर, आणि तुम्ही लांब व्हा. धूर येत असेल तर फोन हातात घ्यायचाच नाही, खोलीतून बाहेर पडायचं आणि अग्निशमनला फोन करायचा, तो धूर विषारी असतो. बॅटरीच्या आत दोन बाजू वेगळ्या ठेवणारा प्लास्टिकचा पातळ पडदा असतो, तो साधारण 130 अंशांच्या आसपास वितळायला लागतो आणि त्यानंतरची गरमी चार्जरवर अवलंबून राहत नाही, ती बॅटरी स्वतःच तयार करते. 2016 मध्ये गॅलेक्सी नोट 7 परत मागवावे लागले ते असल्याच आतल्या शॉर्टमुळे, एका प्रकारच्या बॅटरीत कोपऱ्यात पत्रा दबलेला होता तर दुसऱ्यात वेल्डिंगचे टोकदार कंगोरे होते, आणि ते फोन नवेकोरे होते. म्हणून फोन जोरात पडला असेल, गाडीखाली किंवा दारात दबला असेल, वाकला असेल, तर नवा आहे म्हणून गृहीत धरू नका, पुढचे काही दिवस तो समोर असतानाच चार्ज करा.

आकडे विचारणाऱ्यांसाठी, बॅटरीचं तापमान 40 पर्यंत असेल तर सोडून द्या. 40 ते 45 कधीतरी, उन्हाच्या दिवसात किंवा फास्ट चार्जिंगच्या पहिल्या टप्प्यात, चालतं, रोज असेल तर कारण शोधा. 45 च्या आसपास बहुतेक फोन स्वतःच करंट कमी करतात किंवा चार्जिंग थांबवतात, आयफोन गरम असेल तर 80 टक्क्यांवर अडवून ठेवतो, तो बिघाड नाही, फोन स्वतःला वाचवतोय. सावलीत, कव्हर काढून, न वापरता लावलेला फोन परत परत 45 ला पोचत असेल तर ते मात्र बरोबर नाही. थंड करायला फ्रीजमध्ये वगैरे ठेवू नका, आत दव धरतं आणि आपण पोर्टच्या वरच्या परिच्छेदात येऊन पडतो. चार्जर काढा, कव्हर काढा, दगडी किंवा टाइल्सच्या थंड जागेवर पाठ टेकवून ठेवा, पंखा लावा, दहा मिनिटांत उतरतो.

वायरलेस चार्जिंगबद्दल थोडक्यात, ते केबलपेक्षा जास्तच तापवतं कारण एका कॉइलमधून दुसरीत जाताना बरीच वीज वाया जाते, आणि फोन पॅडवर जरा सरकून ठेवला की अजून. पाठ गोल चकतीच्या आकारात गरम लागते. त्यालाही टेकडीचाच नियम लावा. फोनच्या मागे धातूची रिंग किंवा कव्हरमध्ये चिप असलेलं कार्ड असेल तर ते काढूनच ठेवा, धातू त्या क्षेत्रात स्वतः तापतो.

परवा मावशीचा परत फोन आला, "अगं परत गरम होतोय." मी विचारलं कुठे, तर म्हणाली वर नाही, खाली, पिनपाशी. तिने आपणहूनच बोट लावून बघितलं होतं, दुसरी केबल लावून बघितली होती, आणि दुसरीनेही तसंच झालं म्हणून फोन बंद करून टॉर्च मारला होता. आत पर्समधला कापसाचा गोळा. टूथपिकने काढला, पिन टक करून बसली, आणि अर्ध्या तासाने तिने कळवलं, खालचा भाग कोमट, 36.